मोरीचा मुका माज

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आपली मोरी म्हैस 12 जुलैला व्याली, दोन महिने उलटले तरी माजावर येत नाही, असं बाबा परवा फोनवर म्हणाले. माझ्या मते ती आली होती आणि गेलीही. 3 सप्टेंबरला पहाटे तिच्या मागं जमिनीवर चिकट ओल होती आणि सकाळच्या धारेला तिनं अर्धा लिटर दूध कमी दिलं, हे आईनं त्याच दिवशी बोलता बोलता सांगितलं होतं. तो मुका माज होता, म्हणजे बाहेरून फारसा न जाणवणारा. व्यायल्यापासून 53वा दिवस. त्या वेळी रेतन झालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड महिना तरी लागतो, त्यामुळं पहिला माज सोडला तरी फारसं बिघडत नाही. पण 3 तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरून करायचा आहे.

म्हशीचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं असतं, 18 ते 24 दिवसांत मागंपुढं होतं. म्हणजे मोरीचा पुढचा माज 24 सप्टेंबरच्या आसपास. 21 तारखेच्या पहाटेपासून 27 च्या रात्रीपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची. एवढ्या सात दिवसांची झोपमोड करा, बाकीच्या दिवसांत नेहमीसारखं चालू द्या.

आता बघायचं काय. आपल्या डोक्यात माज म्हणजे गाईचा माज बसलेला असतो: हंबरणं, एकमेकींवर चढणं, मागून लोंबणारी काचेसारखी तार. म्हशीत संप्रेरकाची चढ गाईपेक्षा कमी असते, त्यामुळं हा गाजावाजा होत नाही. म्हशी एकमेकींवर फारशा चढत नाहीत. बळस, म्हणजे माजातला चिकट स्राव, येतो, पण तो तारेसारखा लोंबत नाही. आतच खाली साठून राहतो आणि म्हैस बसली की पोटाच्या दाबानं बाहेर येतो, किंवा शेण टाकताना शेणाबरोबर पडतो. म्हणून उभ्या म्हशीकडं दिवसभर बघितलं तरी काही दिसत नाही, आणि ती बसून उठलेल्या जागेवर मात्र वाटीभर पसरलेला बळस असतो.

आई, यातली खरी गोम तुझ्या झाडूत आहे. तू पहाटे उठल्या उठल्या गोठा झाडतेस आणि बाबा लगेच पाइप लावून धुतात. रात्रीचा पुरावा गटारात जातो. या सात दिवसांत आधी बॅटरी घेऊन मोरीच्या मागं बघा, मगच झाडू हातात घे. जमीन बघा, शेपटीचे केस बघा. बळस वाळला की शेपटीच्या आतल्या बाजूला आणि ढुंगणावर चकाकणारी पापडी धरते, केस एकमेकांना चिकटतात. 3 तारखेला ती ओल तुला दिसली, ती केवळ धुवायच्या आधी नजर गेली म्हणून.

दिवसातून तीन फेऱ्या पुरतात: पहाटे पाचच्या आसपास म्हशी उठायच्या आधी, संध्याकाळी धारेच्या वेळी, आणि रात्री नऊ-दहाला. म्हशीचा माज बहुतेक वेळा संध्याकाळ ते पहाट या वेळात उमटतो. उन्हाळ्यात तर दिवसा काहीच कळत नाही. काळी कातडी, घाम कमी, त्यामुळं उन्हाच्या त्रासानं दिवसभर ती दबून असते. सप्टेंबरनंतर दिवस लहान होत जातात तसा म्हशींचा माज नीट दिसू लागतो, म्हणून हे दिवस आपल्या बाजूचे आहेत.

संध्याकाळच्या फेरीत निरण, म्हणजे शेपटीखालचं योनीचं तोंड, बघा. एरवी तिच्यावर बारीक सुरकुत्या असतात, माजात ती फुगते आणि सुरकुत्या मोडतात. नुसतं बघून अंदाज येत नसेल तर शेजारच्या दावणीतल्या गाभण म्हशीशी ताडून बघा, फरक लगेच डोळ्यात भरतो. हात स्वच्छ धुऊन दोन बोटांनी निरणीच्या कडा हलक्या उघडल्या तर आत ओलसर, लालसर गुलाबी दिसेल. माज नसेल तर फिकट आणि कोरडं असतं. त्याच वेळी बाबांनी धारेचं माप घ्यावं. पान्हा चोरणं, दूध कमी देणं, थोडी थोडी लघवी वारंवार करणं, कान टवकारून उभं राहणं, पेंडीकडं दुर्लक्ष करणं ही सगळी साथ देणारी लक्षणं आहेत. पण नुसतं दूध कमी झालं म्हणून रेतनाला बोलावू नका. तापानं, कासदाहानं किंवा वैरण बदलल्यानंही दूध घटतं. माझा नियम असा: तारीख जुळली पाहिजे, बळस किंवा निरण यांपैकी एक दिसलं पाहिजे, आणि बाकीच्यांपैकी एक तरी सोबत असलं पाहिजे. बळसही नीट बघा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक असेल तर ठीक. गढूळ, पांढऱ्या पुवाच्या गुठळ्या असलेला किंवा वास मारणारा असेल तर गर्भाशयात दोष आहे. त्या माजात रेतन करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे रेडा समोर आल्यावर म्हैस निमूट उभी राहणं. गावात नसबंदी केलेला रेडा कुणाकडं असेल तर या सात दिवसांत पहाटे आणि संध्याकाळी त्याला मोरीच्या मागून एकदा फिरवून न्यायला सांगा. तो हुंगून वरचा ओठ उचलेल, ती शेपूट बाजूला करून थांबेल, मग शंका उरत नाही. गावातला मोकळा रेडा मात्र लावू नका. दहा गोठे फिरलेला रेडा गर्भपाताचे रोग घेऊन येतो.

आता वेळ. इथंच बहुतेकांचं चुकतं. म्हशीचा माज साधारण 12 ते 24 तास टिकतो, आणि बीज बाहेर पडतं ते माज संपल्यावर आणखी 10 ते 14 तासांनी. बीज बाहेर पडल्यावर थोडेच तास टिकतं. गोठवलेल्या मात्रेतले शुक्राणूही आत गेल्यावर फार काळ तग धरत नाहीत, आणि फळायला तयार होण्यासाठी त्यांना काही तास लागतात. म्हणजे माज दिसता क्षणी रेतन केलं तर बीज येईपर्यंत शुक्राणू संपलेले असतात. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी "आता बोलवू" म्हणून बोलावलं तर बीज निघून गेलेलं असू शकतं. म्हणून संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पहाटे दिसला तर त्याच संध्याकाळी.

समजा 24 तारखेला संध्याकाळी सात वाजता निरण फुगलेली दिसली आणि रात्री दहाच्या फेरीत बळस मिळाला. रात्रीच रेतन करणाऱ्याला फोन करून 25 ला सकाळी सहा-सातची वेळ मागा, ऊन चढायच्या आत. तिला आदल्या रात्रीपासून सावलीत, पाणी समोर ठेवून बांधा. 25 ला संध्याकाळी पुन्हा बघा. माज अजून जोरात असेल, बळस वाहत असेल, तर 12 तासांनी दुसरी मात्रा द्यावी. उतरला असेल तर एक पुरे.

बाबा, रेतनाच्या वेळी तुम्ही जवळ उभे राहा. गोठवलेल्या मात्रेची नळकांडी पात्रातून काढल्यावर 37 अंशांच्या कोमट पाण्यात 30 सेकंद बुडवली पाहिजे. बोटांत चोळून किंवा खिशात धरून गरम केलेली मात्रा वाया गेली असं समजा. पाण्यातून काढून नळकांडी कोरडी पुसली पाहिजे, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. निरण धुतल्यावर तीही कोरडी पुसायची. नळकांडीवरचा रेड्याचा नंबर वहीत लिहून घ्या. आपली म्हैस मुऱ्हा, तेव्हा मात्राही मुऱ्हाचीच मागा. पंढरपुरीची दिली तर रेडी संकराची होईल, मग ती ना दुधाला तिच्या आईसारखी, ना आपल्या भागातल्या पंढरपुरीसारखी काटक.

रेतनानंतर 15 ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे 12 ते 18 ऑक्टोबर, पुन्हा तीन फेऱ्या करायच्या. काही दिसलं नाही तर आशा ठेवा, पण माज दिसला नाही म्हणजे गाभ राहिली असं मुक्या माजाच्या म्हशीत धरता येत नाही. तिनं तेव्हाही मुकाट्यानं माज काढला असेल. 60 दिवसांनी, म्हणजे 24 नोव्हेंबरच्या सुमारास, डॉक्टरांकडून हात घालून तपासणी करून घ्या. राहिली असेल तर साधारण 310 दिवसांनी, 1 ऑगस्टच्या आसपास विईल. आणि ऑक्टोबरात किंचित माजासारखं वाटलं तर घाईनं दुसरी मात्रा नको, आधी डॉक्टरांनी तपासलं पाहिजे. काही म्हशी गाभण असतानाही माजासारखं करतात, आणि तेव्हा नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत गेली तर गाभ पडतो.

ऊसतोड सुरू झाली की तुम्ही वैरणीला सरसकट उसाचं वाडं टाकता. वाड्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम बांधलं जातं, म्हणून रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत मिसळा, आणि निदान निम्मी वैरण दुसरी ठेवा.

27 तारखेपर्यंत काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांना बीजांडं तपासायला सांगा. माजानंतर बीजांडावर तयार होणारा पिवळा पिंड असेल तरच माज आणणारं इंजेक्शन लागू पडतं, नसेल तर पैसे वाया. गाभण नाही याची खात्री केल्याशिवाय ते टोचू देऊ नका, त्यानं गाभ पडतो. आणि तपासणीला किती दिवसांनी यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या, म्हणजे पुढचे 21 दिवस फुकट जाणार नाहीत.

तुमची लेक