ओवी म्हणणाऱ्याचं नाव राहावं म्हणून: आपल्या मंडळाचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

चैत्र तोंडावर आला, जत्रा सुरू होतील आणि आपला रेकॉर्डर दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय. म्हणून घाईघाईत हे लिहितोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

काम तुम्हाला माहीतच आहे. माणदेशातल्या जत्रांमध्ये जे खरोखर गातात त्यांना आपण ऐकतो, त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करतो, शेजारच्या सामुदायिक रेडिओवर गुरुवारी अर्धा तास ते लावतो आणि दर पौर्णिमेला बारा गाण्यांची यादी सगळ्यांना पाठवतो. यादी तिघंजण बसून ऐकून करतात. प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव, गाव, ढोलावर कोण होतं आणि सुपारी द्यायची तर कुणाला विचारायचं, हे असतं.

या नावांपायी आपण किती वणवण केली ते दोन वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगावरून कळेल. आरेवाडीला बिरोबाच्या बनात एका मंडळीनं रात्री सुंबरान मांडलं. घरी येऊन त्यांचं आणखी काही मिळतंय का ते नेटवर शोधलं. Dhangari Ovi लिहिलं तर एक ढीग, Dhangari Ovee लिहिलं तर दुसराच. गाण्यावर जुन्या कॅसेटचं नाव, गाणाऱ्याच्या जागी ‘पारंपरिक’. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या म्हाताऱ्या गायकांना गाठून नाव विचारलं, तर म्हणाले, “नाव कशाला? देवाचं गाणं हाय.” तरी लिहून घेतलं. कारण नाव नसेल तर सुपारी द्यायला आलेला माणूस कुणाच्या दारात जाणार?

मुद्रणाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आपण फोनवरच केलं आणि फसलो. फोन आवाज आपोआप सावरतो. ढोलाचा फटका पडला की सगळंच खाली ओढतो आणि ओवीतले पुढचे दोन शब्द गिळले जातात. आता आधी ढोलवाल्याला सगळ्यात जोराचा फटका मारायला सांगतो, काटा लाल रेषेच्या आत राहील एवढा आवाज ठेवतो आणि गाणाऱ्याजवळ वेगळा माईक लावतो. एक ओवी चाळीस मिनिटं चालते, रेडिओवर वेळ अर्धा तास. मग कापायचं कुठं? गाणं थांबून बोलीतली कथा सुरू होते तिथं. मधेच कापलं तर ऐकणाऱ्याच्या आधी गाणारा रुसतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

हे सगळं उभं राहिलं ते पिठाच्या गिरणीच्या अण्णांमुळे. पहिला टेपरेकॉर्डर त्यांचा, आणि सोबत दिलेल्या कोऱ्या कॅसेटींवर तारखा त्यांच्याच हातच्या. सायकल दुकानवाल्या काकांनी तीन हंगाम जीप दिली, डिझेलसुद्धा घेतलं नाही. शाळेच्या निवृत्त बाईंनी जात्यावरच्या ओव्यांच्या चार वह्या भरून दिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, ओवीसोबत बाईचं आणि गावाचं नाव जपलं. बाईंनी तोच कित्ता गिरवला. आज अण्णा नाहीत. त्यांच्या कॅसेटी कपाटात आहेत आणि फितीला बुरशी धरायला लागली आहे.

“आता सगळं ऑनलाइन मिळतं की,” असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याला रॉयल्टी सुटत नाही. आपल्या शंभर वॅटच्या रेडिओचा आवाज दहा-बारा किलोमीटरच जातो, पण गुरुवारी ओवी लागली की शुक्रवारी त्या घरी फोन येतो. मागच्या हंगामात त्याच म्हाताऱ्या गायकांना तीन गावांची सुपारी अशीच मिळाली.

थोडं मनातलं लिहितो, राग मानू नये. गेल्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पावत्या फाटल्या चार. गणपतीत डीजेची वर्गणी मात्र एका संध्याकाळी जमते. असो.

लागणारी रक्कम ₹६८,०००: रेकॉर्डर २२,०००; दोन माईक, स्टँड, वायरी १४,०००; दोन हार्डडिस्क (कॅसेटी उतरवून दोन ठिकाणी ठेवायला) १२,०००; वीस कलाकारांना मानधन प्रत्येकी १,०००. रोख किंवा चेक खजिनदारांकडे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, सायं. ६ ते ८, सोमवार बंद. पावती घ्यावीच. करसवलतीचं प्रमाणपत्र आपल्याकडे नाही. पुण्या-मुंबईकडच्यांनी खात्याचा तपशील माझ्याकडून घ्यावा. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर कुणाकडे असल्यास उसना हवा. यादीसाठी ऐकायला आणखी दोघं हवेत, महिन्याला दोन रात्री. पैसे पाडव्याच्या आठ दिवस आधी यावेत, रेकॉर्डर पुण्याहून आणायचाय.

आपला,
सचिव