‘हम’चं मराठी करताना समोर कोण बसलंय ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिंदी भाषणांच्या मराठी बातम्यांत एक चूक वारंवार छापून येते. ती ऱ्हस्व-दीर्घाची नसल्यामुळे मुद्रितशोधकाच्या हाती लागत नाही. वक्ता म्हणतो, ‘हमें पानी बचाना होगा’, आणि छापलं जातं, ‘आम्हाला पाणी वाचवावे लागेल’. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. अर्थ मात्र असा होतो की पाणी वक्ता आणि त्याची माणसं वाचवणार, श्रोत्यांनी नळ खुशाल सोडून ठेवावा.

हिंदीच्या ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही हे शब्दावरून कळत नाही. मराठीत ते सांगितल्याशिवाय वाक्यच पुढे जात नाही. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, त्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. पहिल्याला व्याकरणात समावेशक आणि दुसऱ्याला व्यावर्तक म्हणतात. हात ‘आम्ही’कडे का वळतो, याचं कारणही साधं आहे. ‘हम’ आणि ‘आम्ही’ ही प्राकृतातल्या ‘अम्हे’ची पोरं आहेत, त्यामुळे दिसायला सख्खी वाटतात. ‘आपण’चं कूळ वेगळं. ते ‘आत्मन्’पासून, प्राकृत ‘अप्प’वरून आलेलं आहे, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘स्वतः’. हा मूळ अर्थ लक्षात ठेवावा, कारण पुढचा बराच घोळ त्यातूनच होतो.

ही मराठीचीच काही विशेष लकब आहे असं नाही. ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या पाहणीत तपासलेल्या २०० भाषांपैकी ६३ भाषांच्या सर्वनामांत हा भेद स्पष्ट आहे. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’. मधली कन्नड मात्र आज दोन्हींसाठी ‘नावु’वरच भागवते. मुंडारीला एवढ्याने समाधान नाही, ती माणसंही मोजते. मी आणि तू दोघंच असू तर ‘अलङ्’, मी आणि तो असू तर ‘अलिङ्’, तुझ्यासकट दोघांहून जास्त असू तर ‘अबु’, तुला सोडून जास्त असू तर ‘अले’. पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिनने तर इंग्रजी शब्दांतूनच हा भेद घडवला. ‘यू’ आणि ‘मी’ जोडून ‘यूमी’ म्हणजे आपण, आणि ‘मीपेला’ म्हणजे आम्ही. एखाद्या परक्या प्रवचनकाराने तिथे ‘मीपेला’ वापरून सगळ्यांच्या पापांबद्दल बोलायला सुरुवात केली, तर श्रोते शांतपणे ऐकतील. पापं त्याची आणि त्याच्या सोबत्यांचीच, असं त्यानेच सांगितलेलं असेल.

बातमीदाराची अडचण नेमकी कुठे होते, ते एका कल्पित प्रसंगावरून पाहू. कामगार संघटनेचा नेता सकाळी कामगारांपुढे बोलतोय: ‘हमने मैनेजमेंट को चिट्ठी दी है। हम एक रहेंगे तो हमें कोई नहीं हटा सकता।’ दुसरं वाक्य सोपं आहे. एक राहायचं ते समोरच्या कामगारांसकट, म्हणून ‘आपण एक राहिलो तर आपल्याला कोणी हटवू शकणार नाही’. इथे ‘आम्ही’ लिहिलं तर नेता कामगारांना वगळून कार्यकारिणीच्या एकीबद्दल बोलतोय असं होईल, आणि सभेत त्याने तसं म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

पहिलं वाक्य अवघड आहे. पत्र कोणी दिलं? पाच-सात पदाधिकाऱ्यांनी नेऊन दिलं असेल तर ‘आम्ही पत्र दिलं आहे’, म्हणजे कार्यकारिणी आपल्या सभासदांना अहवाल देतेय. सगळ्यांच्या ठरावाने, सगळ्यांच्या सह्यांनी गेलं असेल तर ‘आपण पत्र दिलं आहे’. हिंदी वाक्यात याचं उत्तर नाही, ते बातमीदाराला विचारूनच घ्यावं लागतं.

तोच नेता दुपारी व्यवस्थापनासमोर बसतो आणि म्हणतो: ‘हमने आपको चिट्ठी दी थी। इसमें हम दोनों का नुकसान है, हमें रास्ता निकालना होगा।’ आता पहिला ‘हम’ निःसंशय ‘आम्ही’, कारण पत्र ज्यांना दिलं ते समोर आहेत. दुसरा आणि तिसरा ‘आपण’: ‘यात आपल्या दोघांचंही नुकसान आहे, आपल्याला मार्ग काढावा लागेल’. सकाळचा ‘आपण’ कामगारांना धरून होता, दुपारचा व्यवस्थापनाला धरून आहे. माणूस एक, शब्द एक, पण त्याच्या भोवतीचं कुंपण हललं. भाषांतर करणाऱ्याने दोन्ही जागी सवयीने ‘आम्ही’ टाकलं तर ‘आम्हाला मार्ग काढावा लागेल’ हे समेटाचं वाक्य धमकीसारखं वाचलं जातं.

म्हणून ‘हम’ दिसला की त्याच्यापुढे मनातल्या मनात ‘तुमच्यासकट’ आणि ‘तुम्हाला सोडून’ हे दोन्ही लावून पाहावेत. जे खपेल त्यावर सर्वनाम ठरतं. यातला ‘तुम्ही’ म्हणजे भाषणाच्या वेळी समोर असलेला माणूस, सकाळी चहाबरोबर पेपर वाचणारा नव्हे. ही गल्लत सर्रास होते. वाचकाला दुरावा वाटू नये म्हणून अवतरणातल्या ‘आम्ही’चा ‘आपण’ केला की वक्त्याने जे म्हटलं नाही ते त्याच्या तोंडी जातं.

आता ‘आपण’च्या दुसऱ्या भानगडीकडे. वर म्हटलं तसा हा शब्द मूळचा ‘स्वतः’ या अर्थाचा. त्यातून समावेशक ‘आपण’ आला, आदरार्थी ‘तुम्ही’ आला, आणि वृत्तपत्री मराठीत जुना अर्थही जिवंत राहिला. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्री म्हणाले’ या वाक्यातला ‘आपण’ म्हणजे फक्त मंत्री. वाचकाला हे सवयीने कळतं. पण ‘आपण मागे हटणार नाही, असे नेत्याने कामगारांना सांगितले’ हे वाक्य घ्या. एकटा नेता मागे हटणार नाही की सगळे कामगार? क्रियापद ‘हटणार नाही’ दोन्हीकडे सारखंच. अशा वेळी ‘स्वतः’ किंवा ‘आपण सगळे’ लिहावं, नाहीतर सरळ अवतरणचिन्हांत मूळ बोलणं द्यावं. ‘असे सांगितले’ची रचना इथे कामाची नाही.

आदरार्थी ‘आपण’ बहुतेक वेळा क्रियापदावरून ओळखू येतो. ‘आपण जाऊ’ म्हणजे तुम्ही-आम्ही मिळून, ‘आपण जाल’ म्हणजे तुम्ही. ‘आपण गेलो’ आणि ‘आपण गेलात’ यांतही संशय नाही. सापळा आहे तो सकर्मक भूतकाळात. तिथे क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही, कर्माच्या मागे जातं. ‘आपण निर्णय घेतला’ यात ‘घेतला’ हे ‘निर्णय’शी जुळलेलं आहे; घेणारे आपण सगळे की समोरचे साहेब, यावर ते मौन पाळतं. तुम्ही घेतला असं म्हणायचं तर ‘घेतलात’ लिहावं. तो एक ‘त’ अलीकडे छापताना गळतो, आणि निर्णयाची जबाबदारी साहेबांवरून घसरून सगळ्यांच्या डोक्यावर येऊन बसते.

षष्ठीत परिस्थिती आणखी बिकट. ‘आपली चूक झाली’ याचे अर्थ निदान तीन: तुमची झाली, आपणा सर्वांची झाली, आणि कट्ट्यावरच्या बोलीत माझी झाली. दिलगिरीच्या निवेदनात म्हणूनच ‘आमची चूक झाली’ असंच लिहावं. तिथे ‘आपण’ची सलगी वाचकाला चुकीत भागीदार करून घेते. इंग्रजी सूचनांच्या भाषांतरांत हे हटकून घडतं. कंपनी म्हणते, आम्ही तुमची माहिती सुरक्षित ठेवतो. नम्रतेच्या भरात ‘तुमची’चं ‘आपली’ होतं, मैत्रीच्या भरात ‘आम्ही’चं ‘आपण’, आणि हाती येतं, ‘आपण आपली माहिती सुरक्षित ठेवतो’. म्हणजे ज्याची त्याने सांभाळावी. निम्म्या कंपन्यांच्या मनातलं खरं वाक्य तेच असावं, ही गोष्ट निराळी.

सगळ्याच जागी निकाल लागतो असंही नाही, हे कबूल करायला हवं. बायबलच्या भाषांतरकारांपुढचं एक जुनं कोडं लूकच्या सातव्या अध्यायात आहे. यहुदी वडीलजन एका रोमन शताधिपतीसाठी येशूकडे शब्द टाकतात: याचं राष्ट्रावर प्रेम आहे, यानेच सभास्थान बांधून दिलं. मूळ ग्रीकमध्ये राष्ट्राला आणि सभास्थान मिळालेल्यांना लागलेलं सर्वनाम एकच आहे. येशू स्वतः यहुदी, तेव्हा ‘आपल्या राष्ट्रावर’ हे उघड आहे. पण सभास्थान कफर्णहूम गावचं. ‘आम्हाला बांधून दिलं’ म्हटलं तर येशू गावाबाहेरचा पाहुणा ठरतो, आणि ‘आपल्याला’ म्हटलं तर गावकरी. तो नासरेथ सोडून कफर्णहूमला येऊन राहिला होता असं मत्तय सांगतो, त्यामुळे दुसरी बाजूही लंगडी नाही. ग्रीक वाचकाला हा प्रश्न कधी पडलाच नसेल. मराठी, तमिळ किंवा टोक पिसिनमध्ये आणणाऱ्याला मात्र एक बाजू घ्यावीच लागते.

अशी संदिग्धता बातमीत आली आणि विचारायला कोणी नसेल, तर सर्वनाम टाळून नाव लिहावं: ‘संघटनेने पत्र दिले आहे’, ‘कार्यकारिणीने पत्र दिले आहे’. वाक्य थोडं कोरडं होईल, चालेल. बातमीदाराने हिंदीतलं बोलणं टिपून घेताना कोपऱ्यात ‘समोर: कामगार’ किंवा ‘समोर: पत्रकार’ एवढे दोन शब्द लिहून ठेवले, तर उपसंपादकाला रात्री अकरा वाजता अंदाज बांधावा लागणार नाही.

आपला (इथे आदरार्थी),
एक भाषांतरकार