३८ पैकी ३८ म्हणे!

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: नेहमीच्या प्रश्नांच्या पानाची जेसन फाइल चुकीची बनवल्याबद्दल, आणि वर ती चूक माझ्याच माथी मारल्याबद्दल

नौपाड्यात आमचं मंगल कार्यालय आहे. तुमच्या सेवेचे वर्षाचे ६,४९० रुपये आगाऊ भरले आहेत. काल तुमच्याकडच्या माणसाशी चौथ्यांदा बोलले. आता फोन पुरे, लेखी घ्या.

आमच्या साइटवर ३८ प्रश्न-उत्तरांचं एक पान आहे. ते पान कॉपी करून तुमच्या चौकटीत पेस्ट करायचं आणि प्रत्येक प्रश्न `question` मध्ये, त्याचं उत्तर `answer` मध्ये अशी फाइल घ्यायची, एवढंच काम. साइटवरची शोधाची पेटी त्या फाइलवर चालते. गिऱ्हाइकाने काही विचारलं की तिथून एकच उत्तर उघडतं. फाइल तयार झाल्यावर तुमच्या पडद्यावर हिरवी खूण आली: ३८ प्रश्न सापडले, फाइल वैध. मी मोजले, ३८ भरले. निर्धास्त झाले.

गेल्या रविवारी एका साखरपुड्याला मुलीकडच्यांचा केटरर सकाळी साडेनऊला भांडीकुंडी घेऊन आला, पण सिलिंडर एकही नाही. मुलीचे काका मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून उभे. "तुमच्या साइटवर फक्त 'हो' लिहिलंय. सिलिंडरचं कुठाय?" आमच्या पानावर हे असं आहे, वर्षानुवर्षं आहे:

```
बाहेरचा केटरर आणता येतो का?
हो, आणता येतो.
मग गॅस सिलिंडर कुणाचे?
केटररचेच. कार्यालय सिलिंडर देत नाही.
```

ही चार ओळींची एकच नोंद. तुमच्या फाइलमध्ये तिची झाली दोन:

```json
{"question": "बाहेरचा केटरर आणता येतो का?",
 "answer": "हो, आणता येतो."},
{"question": "मग गॅस सिलिंडर कुणाचे?",
 "answer": "केटररचेच. कार्यालय सिलिंडर देत नाही."}
```

काकांना पहिली उघडली. दुसरी शोधायची त्यांना काय गरज? कोपरीतल्या ओळखीच्या केटररकडून १९ किलोचे दोन सिलिंडर मागवले, टेम्पो कोपरी पुलावर अडकला, आणि अडीचशे पानं एक वाजता बसायची ती सव्वादोनला बसली. सव्वा तास मी त्या काकांच्या शेजारी उभी होते. तो सव्वा तास तुम्ही भरून देणार नाही, माहीत आहे.

आता तुमची हिरवी खूण. उत्तरातला एक प्रश्न तोडून नवी नोंद केलीत, मग एकूण ३९ व्हायला हव्या होत्या. झाल्या ३८, कारण दुसरीकडे एक नोंद गिळलीत. आमचं एक शीर्षक आहे, "अनामत रक्कम परत मिळण्याबाबत". त्याला प्रश्नचिन्ह नाही, म्हणून ते शीर्षक आणि त्याचं उत्तर दोन्ही आधीच्या उत्तराच्या शेपटीला चिकटले. आज आमच्या साइटवर लाऊडस्पीकरबद्दल विचारलं तर रात्री १० नंतर बंद, आणि त्याला लागूनच अनामत ७ दिवसांत परत, असं एका दमात येतं. अनामतीचं विचारलं तर काहीच येत नाही. एक वाढला, एक गेला, बेरीज जुळली. आणि "वैध" म्हणजे काय, तर कंस आणि अवतरणचिन्हं जागच्या जागी आहेत. कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे त्यात कुणीच तपासत नाही.

अवतरणचिन्हांचंही सांगते, पण थोडक्यात. पहिल्या दिवशी फाइल उघडतच नव्हती, कारण सजावटीच्या उत्तरात "साधी" हा शब्द अवतरणात होता आणि तुम्ही तो तसाच उतरवला होता. आतल्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ लागते, `\"साधी\"` अशी. मजकूर तिथेच संपला असं समजून फाइल कोसळली. तुमचा सल्ला आला, अवतरणं काढून टाका. काढली. (मराठी अक्षरांच्या जागी `\u0939\u094b` दिसतं, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. ते वाचताना आपोआप "हो" होतं, भाच्याने दाखवलं. उगाच भांडायची मला हौस नाही.)

आता कालचा फोन. बावीस मिनिटं धरून ठेवल्यावर एक साहेब आले. मी सिलिंडरचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सिस्टीमला ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की तो प्रश्न."
मी म्हटलं, "आणि नाही दिसलं तर?"
"तर उत्तर."
"अहो, मग अनामतीचं शीर्षक?"
"त्याला तुम्ही प्रश्नचिन्ह द्यायला हवं होतं. आणि उत्तरात प्रश्न विचारायचे नाहीत, मॅडम. तुमच्या कंटेंटचाच प्रॉब्लेम आहे. मराठीत असं होतं."

मराठीत असं होतं! फोन ठेवून मी तोच मजकूर इंग्रजीत लिहून तुमच्या चौकटीत टाकला. तिथेही उत्तरातला प्रश्न तसाच तुटला. म्हणजे मराठीचा संबंध नाही, तुमच्या नियमाचा आहे. हे सांगायला पुन्हा फोन केला, तर तेच साहेब: "मग हाताने करून टाका ना, ३८च तर आहेत."

हाताने करायचं होतं तर ६,४९० रुपये कशाला भरले? तुमची हिरवी खूण बघायला?

तुमचं उत्पादन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तरी लिहिते. आमच्या पानावर प्रत्येक प्रश्न ठळक शीर्षकात आहे. पान कॉपी केलं की साध्या मजकुराबरोबर ती शीर्षकांची खूणही क्लिपबोर्डवर येते. तुमची चौकट फक्त साधा मजकूर उचलते आणि खूण फेकून देते. शिवाय दोन नोंदींच्या मध्ये रिकामी ओळ आहे, तीही तुम्ही बघत नाही. रिकाम्या ओळीनंतरची पहिली ओळ प्रश्न, एवढं धरलं असतं तरी सिलिंडर आणि अनामत दोन्ही वाचले असते. त्यातही अडचण आहे, कबूल. पार्किंगचं आमचं उत्तर दोन परिच्छेदांचं आहे, मध्ये रिकामी ओळ, तिथे तो नियमही फसला असता. म्हणून तर फाइल देण्याआधी तोडलेल्या नोंदी समोर दाखवा, आणि दोन जोडायला, एक तोडायला बटण द्या. "मग"ने सुरू होणारा प्रश्न माझ्या नजरेला पडला असता तर मी तिथेच थांबले असते. तुम्ही दाखवलात नुसता आकडा.

तुमचं नाव मीच दोन कार्यालयवाल्यांना सुचवलं होतं. त्यांना आता काय तोंड दाखवू?

१५ दिवसांत पूर्ण रक्कम परत हवी, आणि "कंटेंटचा प्रॉब्लेम" हे शब्द लेखी मागे घेतलेले हवेत. नाहीतर आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. चारही फोनच्या वेळा, मूळ पान, तुमची फाइल आणि इंग्रजी चाचणीची फाइल सोबत जोडली आहे. उत्तर ईमेलनेच द्या, फोन उचलणार नाही. आणि हो, हे पत्र तुमच्या चौकटीत पेस्ट करू नका. यात प्रश्नचिन्हं बरीच आहेत.

व्यवस्थापिका, मंगल कार्यालय
नौपाडा, ठाणे (पश्चिम)