सई आणि सहा सिलिंडर

चिपळूण
12 मे

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली, पण फिरायला जातोयस हे बरं. माझी तब्येत ठीक आहे. गेल्या आठवड्यात सईला पुण्याहून इकडे सुट्टीला घेऊन आलो. नऊ वर्षांची झाली आता. त्या प्रवासाबद्दल तुला सविस्तर लिहायचं मनात होतं, कारण ही हकिगत पूर्ण कळेल असा माणूस तूच. फोनवर ती उरकली गेली असती.

स्वारगेटहून सकाळची गाडी धरली. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि आम्हाला जागा मिळाली अगदी त्याच्यामागची. सईची आई म्हणाली होती, "पुढे आवाज फार होतो, मागे बसा." पण पोरीनं बसल्या बसल्या बॉनेटकडे बोट केलं आणि विचारलं, "आबा, याच्या आत काय आहे?" दत्तू, इतकी वर्षं डेपोतून काळे हात घेऊन घरी आलो, पण घरातल्या कुणी हे विचारलं नव्हतं. मुलांना माझ्या कामाचा अभिमान होता, पण कामाच्या आत डोकावायचं कुणाच्या मनात आलं नाही. मला फार आनंद झाला.

आपल्याला उस्तादांनी शिकवलं ते हातात सुटा भाग देऊन. इथे हातात काहीच नव्हतं. नुसती नावं सांगितली असती तर कात्रजच्या बोगद्यापर्यंत ती कंटाळली असती. म्हणून ठरवलं की हवेच्या मागोमाग जायचं. बाहेरची हवा गाडीत शिरते तिथून निघायचं, ती जिथे जिथे थांबेल त्या जागेचं काम सांगायचं आणि नाव शेवटी.

पहिल्यांदा हवेतली धूळ गाळायला हवी, म्हणजे एअर क्लीनर. मग टर्बो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला आणखी एक चक्र, आणि ते बाहेरची हवा ओढून दाबून आत ढकलतं. वेग सांगितला, मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे. तिनं विचारलं, "मग ते तुटत नाही?" मी म्हटलं, तेलावर तरंगतं म्हणून टिकतं. म्हणून तर लांबून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची, नाहीतर तेलाचा दाब जातो आणि टर्बो कोरडा फिरतो. दाबल्यावर हवा तापते आणि तापलेली हवा पसरते, म्हणून तिला पुन्हा थंड करायला पुढे जाळी असते, ती इंटरकूलर. तिथून जाड रबरी पाइपातून मॅनिफोल्ड, मग व्हॉल्व्ह, मग सिलिंडर.

"आणि तिथे ठिणगी पडते," सई म्हणाली. शाळेत कुणीतरी सांगितलेलं असणार. मी म्हटलं, डिझेलला ठिणगी लागत नाही. पिस्टन वर येतो आणि हवा सतरा-अठरा पट दाबतो. सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचं खालचं टोक हाताला गरम लागतं, ते तिला ठाऊक होतं. इथे तीच हवा पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि डिझेल पेटायला याच्या निम्मी उष्णतासुद्धा पुरते. तेवढ्यात नोजल बारीक फवारा सोडतं आणि तो आपोआप पेटतो.

नोजलपाशी आलो आणि तुझी गोष्ट सांगितली. तू टेस्टरवर नोजल लावून दांडा दाबायचास, दोनशे-अडीचशे बारला ते उघडायचं, आणि चांगलं असेल तर चरचर आवाज करत धुकं सोडायचं. खराब असेल तर नुसता थेंब लोंबायचा. तू काटा न पाहता कानानं सांगायचास. फवाऱ्यापुढे बोट नेलेल्या नव्या पोराला तू किती जोरात मागे ओढलं होतंस, तेही सांगितलं, कारण तो फवारा कातडीतून आत शिरतो आणि बाहेरून नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो. सई गंभीर झाली. म्हणाली, "दत्तूआजोबांनी त्याला वाचवलं." म्हटलं, वाचवलंच.

शिरवळ गेलं आणि ती मोजायला लागली. सिलिंडर किती? सहा. सगळे एकदम पेटतात? नाही, पाळीपाळीनं. मग पहिला, दुसरा, तिसरा? तेही नाही. मी तिला आपला पाढा सांगितला, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. पुढच्या दांडीवर तिला दोन्ही हातांची तीन-तीन बोटं ठेवायला लावली. डाव्या हाताची एक, दोन, तीन, उजव्याची चार, पाच, सहा. आणि मी म्हणेन तशी टिचकी मारायची. दोन-तीन वेळा चुकली, मग जमलं. आणि एकदम थांबून म्हणाली, "आबा, हे डावा-उजवा, डावा-उजवा असंच जातंय!"

दत्तू, करून बघ. खरंच तसं आहे. एकदा पुढच्या तिघांतला, एकदा मागच्या तिघांतला. शेजारचे दोन कधीही लागोपाठ पेटत नाहीत, त्यामुळे क्रँकवरचा मार एका जागी बसत नाही, हे आपण नेहमी सांगत आलो. पण ते बोटांनी असं दाखवता येतं, हे पोरीनं काढलं. मग तिला क्रँकचं, म्हणजे सगळे पिस्टन मिळून जो दांडा फिरवतात त्याचं, सांगितलं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत सहाही सिलिंडर एकदा पेटतात. दोन फेऱ्या म्हणजे सातशे वीस अंश, भागिले सहा, म्हणजे दर एकशेवीस अंशांना एक. गाडी उभी असताना मिनिटाला सहाशे फेरे धरले, तर सेकंदाला तीस वेळा आत पेटतं. तिनं ते वहीत गणित मांडून पडताळून घेतलं आणि मग म्हणाली, "म्हणून आवाज सलग येतो." याहून चांगलं उत्तर आपल्या परीक्षेतही कुणी दिलं नसतं.

आपल्या टाटाच्या 697 ची आठवण तिथेच निघाली. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर, म्हणून 697. सईनं पट्टी काढून साडेनऊ सेंटिमीटरच्या थोडं पुढे खूण केली आणि खिडकीच्या काचेवर बोटानं गोल काढून बघितला. आपण आयुष्यभर ज्यात हात घातला ते भोक एवढंसंच.

मग खंबाटकी लागला, आणि खरी गंमत तिथे झाली. सपाटीवर गाडी छान चालली होती. चढाला ड्रायव्हरनं तिसरा टाकला, मग दुसरा, तरी ओढेना. आरशात काळा धूर दिसत होता. मी डिझेल फिल्टरचा विचार करत होतो, पण डिझेल कमी पडलं तर धूर असा काळा का येईल? तेवढ्यात सई म्हणाली, "आबा, कुणीतरी हवा सोडतंय. गाडी जोर लावते तेव्हाच." मी कान दिला. होता, फुस्स असा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढणारा आणि सोडला की नाहीसा होणारा.

घाट संपल्यावर रुंद जागा बघून ड्रायव्हरनं गाडी घेतली. मी पुढे होऊन सांगितलं की डेपोत होतो, बघू का. भला माणूस, लगेच हो म्हणाला. इंजिन चालूच ठेवलं, पण उभ्या गाडीत काही ऐकू येईना, कारण टर्बोचा दाबच नसतो. म्हणून आवाज शोधायच्या भानगडीत पडलो नाही, गाडी बंद करायला सांगितली आणि डाग शोधला. टर्बोतून हवेबरोबर थोडी तेलाची वाफ येतेच. पाइप जिथे गळतो तिथे ती बाहेर पडते आणि धूळ धरते. इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ओला काळा पट्टा होता. क्लॅम्प ढिला होऊन पाइप अर्धा सरकला होता. जितकी हवा आत जाईल असं धरून पंप डिझेल देतो, त्यातली बरीच हवा वाटेतच गळत होती, उरलेलं डिझेल अर्धवट जळून काळं होत होतं. पाइप फाटलेला नव्हता हे नशीब, नाहीतर ताकद आली नसती आणि तसंच हळूहळू पुढचा डेपो गाठावा लागला असता. फडक्यानं तोंड कोरडं पुसलं, कारण तेलकट तोंडावरून पाइप पुन्हा निसटतो. पाइप पूर्ण आत बसवला, क्लॅम्प कडेच्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला घेतला आणि ड्रायव्हरच्या पान्यानं आवळला.

सई खाली उतरून लांब उभी होती, मी सांगितलं होतं तिथेच. तिनं तिथूनच विचारलं, "हा इंटरकूलर आणि मॅनिफोल्डच्या मधला ना?" ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. दत्तू, त्या क्षणी मला काय वाटलं ते तुला लिहून सांगता येणार नाही.

पुढे गाडी सुरेख चालली. उंब्रजला वळलो, पाटणला चहा झाला, कोयनानगरच्या पुढे ती झोपली. कुंभार्लीच्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेकच्या आवाजानं जागी झाली. "आता कुठे गळतंय?" मी म्हटलं, आता गळत नाही, आता मुद्दाम कोंडलंय. धुराच्या वाटेत एक झडप बंद होते, डिझेल तोडलं जातं, आणि पिस्टनांना कोंडलेल्या वायूवर जोर लावावा लागतो. इंजिनच गाडीला मागे धरतं. खालच्या गिअरला, फेरे जास्त असतानाच ते नीट धरतं, म्हणून ड्रायव्हर वरच्या गिअरला जात नव्हता. चाकांचे ब्रेक मात्र शेवटच्या वळणासाठी गार राहिले पाहिजेत. तिनं ऐकून घेतलं आणि पोफळीपर्यंत प्रत्येक वळणाला "कोंडलं" आणि "सोडलं" असं म्हणत राहिली. शेजारच्या आजीबाईही शेवटी तिच्याबरोबर म्हणायला लागल्या.

आता तुझ्याकडे मागणं. घरी आल्यापासून ती व्हॉल्व्ह आणि नोजल हातात घेऊन बघायचं म्हणते आहे. माझ्याकडचं सगळं सामान मागच्या पुरात गेलं. तुझ्या माळ्यावर तो लाकडी पेटारा अजून असेल, त्यात उभं कापलेलं नोजल होतं, शिकाऊ पोरांना दाखवायचास ते. ते, एक निकामी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि जमली तर पिस्टनची एखादी रिंग, एवढं पाठव. रिंग फडक्यात गुंडाळ, कडा धारदार असतात. ती पंचवीस तारखेपर्यंत इथे आहे. त्याआधी तूच घेऊन आलास तर फारच उत्तम. तिला चरचर आवाजाबद्दल तुलाच विचारायचं आहे, माझ्या सांगण्यानं तिचं समाधान झालेलं नाही. गुडघ्याला त्रास नको, म्हणून गाडीच्या मध्यावरची, खिडकीची जागा घे. घरचे आंबे उतरले आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
वसंता