पैसे परत मिळवून देणारा फोन

महोदय,
ऑनलाइन फसवणुकीवरील आपली बातमी वाचली. त्यात दुसऱ्यांदा होणाऱ्या फसवणुकीचा उल्लेख हवा होता. अमळनेरच्या माझ्या मावसभावाचे शेअर ट्रेडिंगच्या नावाखाली २ लाख गेले. चार महिन्यांनी एका ‘रिकव्हरी अधिकाऱ्या’चा फोन आला. त्याने रक्कम आणि तारीख अचूक सांगितली, म्हणून भावाने विश्वासाने ८,५०० रुपये ‘फाइल चार्ज’ भरला. लगेच जीएसटीचे ११ हजार मागितले, तेव्हा कुठे तो सावध झाला. फसलेल्यांच्या याद्या ठग एकमेकांना विकतात, त्यामुळे अचूक माहिती हीच धोक्याची खूण समजावी. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रारीला एक रुपयाही लागत नाही. ठगांच्या खात्यात गोठवलेली रक्कम पोलीस आणि बँकेमार्फत, बहुतेकदा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते. अशा बातमीसोबत आपण हे दरवेळी छापावे, ही विनंती.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)