आजीसाठी सुगंध निवडताना

सोलापूर

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

आजीच्या वाढदिवसाला सेंट पाठवायचा बेत सांगताना तू म्हणालीस, "तिला वास कमी येतो, म्हणून जरा स्ट्राँगच घेते." तेवढं मात्र करू नकोस. तू घाईत होतीस, म्हणून फोनवर बोललो नाही. अत्तराच्या गल्ल्यावर माझी हयात गेली. "हे लागत नाही, अजून कडक द्या" म्हणणारी म्हातारी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकात अगदी वर, छतापाशी असतात. जुन्या मरतात, नव्या येतात, हे जन्मभर चालू असतं. उतारवयात ही नवी भरती मंदावते. ऐंशी ओलांडलेल्या निम्म्याहून अधिक माणसांचा वास बऱ्यापैकी गेलेला असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो, कारण तो एका रात्रीत जात नाही. आपली आजी म्हणते ना, "हल्लीच्या मोगऱ्यात काही राम नाही." मोगरा तोच आहे गं.

पण झोंबणं हे खातंच वेगळं. कापूर, पुदिन्याचा अर्क, सेंटमधलं स्पिरिट यांची चुणचुण चेहऱ्याच्या संवेदना नेणारी दुसरी नस मेंदूला कळवते. वास गेला तरी ही नस बऱ्याचदा शाबूत असते. म्हणून मी आजीला डोळे मिटायला सांगून आधी कॉफीची पूड नाकाशी धरली. "काही नाही," म्हणाली. मग गुलाबाचा फाया धरला, तर "गोडसर काहीतरी आहे." शेवटी कापूर धरल्याबरोबर मान मागे घेऊन "कापूर!" आणि वर मलाच ऐकवलं, "बघ, माझं नाक ठणठणीत आहे." घरोघरी इथेच फसगत होते. बाम कळतो, कापूर कळतो, म्हणजे नाक चांगलं असं धरून चालतात. खरी परीक्षा न झोंबणाऱ्या वासाची, म्हणजे कॉफीची किंवा गुलाबाची.

आता कडक सेंटचं काय होईल ते बघ. त्यातला गुलाब तिच्यापर्यंत नीट पोचणार नाही, पण स्पिरिटची झोंब पोचेल. खोकला येईल, डोकं चढेल. वास येत नाही म्हणून ती आणखी फवारेल, आणि शेजारी बसलेल्याला गुदमरायला होईल. त्यात आपला उन्हाळा. दुपारी खिडक्या लावून कूलरपुढे बसायचं, आणि कूलरच्या पाण्यात लोक हौसेने सेंट ओततात! त्या खोलीत दम्याच्या माणसाने बसू नये. साध्या वाळ्याच्या ताट्या पुरेत.

सौम्य घे म्हणतो ते यासाठी. बाटलीवर 'ओ द परफ्यूम' असेल तर सुगंधी अंश साधारण पंधरा-वीस टक्के असतो, 'ओ द कलोन' असेल तर दोन ते पाच. पण कलोनमध्ये स्पिरिट भरपूर असतं आणि आजीची कातडी कोरडी पडलीय, ती आधीच खाजते. त्यामुळे तिच्यासाठी फवाऱ्याची बाटली नकोच. बिनस्पिरिटचं, तेलातलं गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं अत्तर घे, अगदी लहान कुपी. हे वास तिच्या ओळखीचे आहेत. वास अर्धामुर्धा आला तरी ओळखीचा असला की मन बाकीचं भरून काढतं. परदेशी फळाफुलांची मिश्रणं तिला नुसती 'गोडसर' लागतील.

नुसतं अत्तरही कडकच असतं. चहाच्या चमचाभर खोबरेल तेलात एकच थेंब टाकायचा, म्हणजे जवळपास एक टक्का झालं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंचित लावून एक दिवस बघायचं, लाली किंवा खाज आली तर बंद. ठीक वाटलं तर त्यातलं कापसाच्या बोळ्याला लावून तो पदराच्या गाठीत. तिला हवा तेव्हा नाकाशी नेईल, नको तेव्हा राहू देईल. सतत नाकाजवळ ठेवायचा नाही. आपलंसुद्धा नाक पाच-दहा मिनिटांत एका वासाला सरावतं, आणि मग माणूस वास उडाला असं समजून पुन्हा लावत बसतो.

जाता जाता, गॅसला जो उग्र वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, आणि आजीला तोच कळणार नाही. म्हणून मी ओट्यापाशी गळती सांगणारा भोंगा बसवून घेतलाय, आणि रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम माझं. वास एकाएकी गेला असता किंवा एकाच नाकपुडीचा गेला असता, तर मी आधी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं असतं. तिचा वर्षानुवर्षं हळूहळू उतरत आलाय, तरी पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घालणार आहे.

कुपी मीच दुकानातून काढून ठेवतो, पैसे तू दे, म्हणजे भेट तुझीच. येताना तिच्यासाठी मऊ सुती रुमाल आण.

तुझे
बाबा