शाहबानोआधी कलम १५ वाच

नागपूर

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

काल कोर्टातून आल्यावर तुझं भाषण दोनदा वाचलं. समान नागरी कायद्याच्या बाजूने बोलतेस, ते मला पटतं. पण सात मिनिटांतली पाच तू शाहबानो आणि तलाकवरच घालवलीस. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटेल, खोट फक्त मुस्लिमांच्या कायद्यात आहे. सुरुवात आपल्या कायद्यापासून कर.

सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा निकाल घे. एका बाईचं १९५५ साली लग्न झालं. तीन महिन्यांत नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये वारली तेव्हा मूलबाळ नव्हतं, मृत्युपत्रही नव्हतं. बँकेतले पैसे आणि भविष्यनिर्वाह निधी आईने मागितला. मिळाला कुणाला? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! कारण हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५. बाईची स्वकमाई मुलं आणि नवरा नसतील तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा नंबर त्यानंतर. तीच कमाई तिच्या भावाची असती, तर आई पहिल्या वर्गाची वारस ठरली असती.

आता त्याच बाईला दुसऱ्या कायद्यांत बसवून बघ. ती ख्रिश्चन असती, तर वडील हयात नसताना आईला भावंडांबरोबर वाटा मिळाला असता. मुस्लिम असती, तरीही आईला ठरलेला हिस्सा होता. दोन्हीकडे नणंदेच्या मुलांना काही नव्हतं. बाई एकच, पण तिच्या कष्टाचे पैसे कुणाचे हे तिचा धर्म ठरवतो. तुझा मुद्दा हा आहे, आणि तो कुणाही एका समाजावर बोट ठेवत नाही. भाषणाचा अर्धा वेळ यालाच दे, घाई करू नकोस.

समोरचे विचारतील, मग कलम १५ तेवढं दुरुस्त करा, सगळे कायदे कशाला मोडता? हा तुझ्यापुढचा सगळ्यात जड प्रश्न आहे. विधी आयोगाने २००८ मध्ये २०७ व्या अहवालात ही दुरुस्ती सुचवली होती, कलम अजून तसंच आहे, एवढं सांग. पण स्वतंत्र दुरुस्ती शक्यच नाही, असा दावा करू नकोस. तो खोटा ठरेल.

गोंड मुलींचंही विचारतील. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आणि उत्तराखंडच्या २०२४ च्या कायद्यानेही त्यांना वगळलंय. गडचिरोलीची कुणी समोर बसली असेल, तर तिला ‘समान’ म्हणजे कुणाचा नियम, ते तुला सांगता आलं पाहिजे. माझं मत विचारशील तर तिच्या समाजाला विचारल्याशिवाय काही लादू नये. तू तुझं ठरव.

तुझ्या विधवा मावशीला मी गेल्या महिन्यात मृत्युपत्र करायला लावलं. तिचा धंतोलीचा फ्लॅट तिच्या पगारातून घेतलेला आहे. शनिवारी तीही ऐकायला येणार आहे.

तुझी,
आई